कर्जाच्या आणि जाहिरातींच्या कॉलना आवर कसा घालायचा: एका घरातले चार फोन आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. पप्पांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, आई घरी असते, बहीण शिवाजी विद्यापीठात शिकते आणि आजीकडं साधा बटणांचा फोन आहे. मागच्या वर्षी आमच्याकडं कर्जाच्या कॉलचा असा मारा सुरू झाला की दुपारी आजीला डोळा लागू देईनात. तेव्हापासून मी यात लक्ष घातलं. आता गल्लीतले, पप्पांच्या ओळखीचे, नात्यातले बरेच जण फोन घेऊन येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं लिहून ठेवतोय.

आमचा नंबर या लोकांना मिळतो कुठून?

बहुतेक वेळा आपणच दिलेला असतो, फक्त ते लक्षात राहत नाही. आमच्याकडचं उदाहरण सांगतो. मला दुचाकी घ्यायची होती. कुठल्या कर्जाचा हप्ता किती बसतो हे बघायला मी एका तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर नाव, मोबाइल नंबर आणि पगार भरला. खाली एक चौकोन होता, त्यात आधीच टिक केलेली होती. त्याचा अर्थ असा होता की माझी माहिती त्यांच्या 'भागीदार' कंपन्यांना द्यायला आणि त्यांनी मला फोन करायला माझी हरकत नाही. पर्यायी नंबर म्हणून मी घरचा, म्हणजे आईचा नंबर टाकला. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही फोन सुरू.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तुम्ही एखाद्या कंपनीला फोन करायची संमती दिली असेल, तर तुमचा नंबर डीएनडीत, म्हणजे जाहिरातीचे कॉल नकोत असं कळवलेल्यांच्या यादीत, असला तरी ती कंपनी नियमात राहून फोन करू शकते. म्हणून आधी संमती मागं घ्या. त्या संकेतस्थळावर किंवा कर्जाच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करून मार्केटिंगची परवानगी बंद करा आणि त्यांच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर 'माझ्या या नंबरवर जाहिरातीचे कॉल करण्याची संमती मी मागे घेत आहे' असं लिहून पाठवा. लेखी पाठवलेलं पुढं तक्रारीला कामाला येतं.

डीएनडी नेमकं करायचं कसं? आजीच्या साध्या फोनवर होतं का?

होतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ज्या नंबरसाठी करायचं, त्याच फोनवरून १९०९ ला हा एसएमएस पाठवायचा:

```
START 0
```

शून्य म्हणजे सगळ्या प्रकारचे जाहिरातीचे कॉल आणि संदेश बंद. १९०९ ला फोन लावूनही हे करता येतं. बँकिंग चालू, घरबांधणी बंद असं निवडून हवं असेल, तर दूरसंचार नियामक ट्रायचं डीएनडी अ‍ॅप घ्या, त्यात प्रकार दिसतात. बऱ्याच जणांना भीती असते की डीएनडी केलं की बँकेचा ओटीपी यायचा बंद होईल. तसं होत नाही. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा संदेश, गॅसच्या बुकिंगचा संदेश हे जाहिरातीत मोडत नाहीत.

आजीच्या फोनसाठी आम्ही एवढंच केलं. तिच्या फोनवर अ‍ॅप चालत नाही, त्यामुळं ही एक पायरी तिथं सगळ्यात मोलाची.

डीएनडी करून महिना झाला, तरी कॉल येतातच. मग त्याचा उपयोग काय?

कॉल करणारे दोन जातीचे असतात आणि डीएनडीचा धाक त्यातल्या एकालाच आहे. पहिले नोंदणीकृत टेलिमार्केटर. त्यांना जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करावे लागतात आणि कॉल करण्याआधी डीएनडीची यादी तपासावी लागते. दुसरे नोंदणी न केलेले. हे साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून फोन करतात. त्यांनी यादी बघितलेलीच नसते आणि त्या नंबरवरून असा धंदा करणंच नियमबाह्य आहे. घरोघरी जो त्रास होतो तो मुख्यतः या दुसऱ्यांचा.

म्हणजे डीएनडीनं पहिली जात कमी होते. दुसरीसाठी ओळख पटवणारं अ‍ॅप आणि तक्रार असे दोन मार्ग राहतात. नुसतं अ‍ॅप टाकून डीएनडी न करणारे पुष्कळ भेटतात. दारं उघडी ठेवून डासांची जाळी लावल्यासारखं होतं ते.

अ‍ॅपला कसं कळतं की हा कॉल स्पॅम आहे?

लोकांनी सांगितलेलं असतं म्हणून. ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपकडं नंबरांची मोठी यादी असते. एखाद्या नंबरला अनेकांनी 'स्पॅम' म्हणून नोंदवलं की पुढच्या माणसाला तो लाल दिसतो. शिवाय एका नंबरवरून थोड्या वेळात किती कॉल जातात, ते किती छोटे असतात, किती जण कट करतात, अशा खुणाही काही सेवा बघतात. एअरटेलनं २०२४ मध्ये असा इशारा नेटवर्कच्याच पातळीवर द्यायला सुरुवात केली, त्यात संशयित कॉलवर तशी सूचना दिसते आणि वेगळं अ‍ॅप लागत नाही.

यातूनच अ‍ॅपच्या मर्यादाही कळतात. कर्जवाल्यानं आज सकाळी नवीन सिम घेतलं तर पहिल्या काही जणांना ते कोरंच दिसणार, कारण तक्रार करायला अजून कुणी नाही. तुम्ही एकेक नंबर ब्लॉक करत बसलात तरी उद्या तो दुसऱ्याच नंबरवरून येतो. माझ्या आईनं दीडशेवर नंबर ब्लॉक केले होते. त्यातला एकही परत आला नाही आणि कॉलही कमी झाले नाहीत.

उलट बाजूही आहे. बंद पडलेला मोबाइल नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. जुन्या मालकानं त्यावरून विमा विकला असेल, तर नव्या बिचाऱ्या माणसाच्या नावापुढं 'स्पॅम' चिकटलेलंच राहतं. आणि अ‍ॅपमध्ये दिसणारं नाव हे कुणीतरी ठेवलेलं नाव असतं, पुरावा नसतो. पडद्यावर 'बँक मॅनेजर' दिसलं म्हणून पलीकडं बँकेचा माणूस आहे असं अजिबात धरू नका.

मग कोणतं अ‍ॅप घ्यायचं?

आधी फोनमध्ये जे आहे ते चालू करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर गूगलचं फोन अ‍ॅप असतं. ते उघडा, वरचा मेन्यू दाबा, `Settings` मध्ये जा आणि `Caller ID & spam` शोधा. तिथं दोन बटणं असतात. पहिलं कोण बोलतंय ते दाखवतं, दुसरं (`Filter spam calls`) संशयित कॉल वाजूच देत नाही. वाजू न दिलेले कॉलही कॉलच्या यादीत दिसतात, त्यामुळं रात्री एकदा नजर टाकता येते. सॅमसंगच्या फोनमध्येही याच कामाची सोय `Caller ID and spam protection` या नावानं आहे.

एवढ्यानं भागलं नाही तरच बाहेरचं अ‍ॅप टाका. ते टाकल्यावर अँड्रॉइडमध्ये `Settings > Apps > Default apps > Caller ID & spam app` इथं जाऊन त्याची निवड करावी लागते. ही पायरी राहिली की अ‍ॅप नुसतं पडून राहतं आणि लोक म्हणतात काम करत नाही. आयफोनवर अ‍ॅप टाकल्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये `Call Blocking & Identification` उघडून त्याचं बटण चालू करायचं. बहिणीच्या फोनवर तेच राहून गेलं होतं.

दोन ओळखणारी अ‍ॅपं एकाच फोनवर ठेवू नका. पडद्यावर दोन वेगळी नावं येतात आणि कॉल कुणी अडवला हे शोधताना डोकं उठतं.

अ‍ॅप संपर्क, संदेश, कॉलची यादी, सगळंच मागतं. द्यायचं का?

नाही. ओळख पटवायला अ‍ॅपला येणारा नंबर कळला पाहिजे, आणि तो वर सांगितलेल्या निवडीतून कळतो. एसएमएस वाचायची परवानगी मी घरात कुणाच्याच फोनवर दिलेली नाही, कारण ओटीपी तिथंच येतात. संपर्कांची परवानगी नाकारली तरी ओळख पटवायचं काम चालतं का ते एक दिवस बघा. आमच्याकडं चाललं. तुमच्या फोनमध्ये 'डॉक्टर', 'सावकार', 'वकील' अशा नावांनी जतन केलेली माणसं आहेत. त्यांना विचारल्याशिवाय ती यादी कुणाच्या हवाली करणं मला पटत नाही.

स्वतःचं नाव ट्रूकॉलरच्या यादीतून काढायचं असेल तर आधी अ‍ॅपमधलं खातं बंद करावं लागतं, मग `truecaller.com/unlisting` वर नंबर टाकायचा.

घरातल्या सगळ्या फोनला एकच सेटिंग चालेल ना?

चालणार नाही, आणि माझी सगळ्यात मोठी चूक हीच झाली. वैतागून मी एका रविवारी चार-पाच मिनिटांत आईच्या फोनवर 'अनोळखी सगळे बंद' करून टाकलं. त्याच आठवड्यात आजीच्या रक्ताच्या तपासणीचा अहवाल यायचा होता. साखर फार वाढलेली दिसली म्हणून प्रयोगशाळेतून तीन वेळा फोन आला. एकदाही वाजला नाही. संध्याकाळी आईनं सहज यादी उघडली तेव्हा कळलं. आजी बरी आहे, पण त्या दिवसापासून 'अनोळखी म्हणजे नको' हे मी मनातून काढून टाकलं.

आता प्रत्येक फोनचा विचार वेगळा करतो. तो फोन कोणाचा अनोळखी कॉल चुकवू शकत नाही, एवढाच प्रश्न विचारायचा.

पप्पांना नवं गिऱ्हाईक नेहमी अनोळखी नंबरवरूनच येतं. इचलकरंजीहून कुणी मशीनचा सुटा भाग विचारतो, हुपरीहून कुणी ओतकामाबद्दल. त्यांच्या फोनवर काहीच अडवायचं नाही, फक्त ओळख दाखवायची. लाल पट्टी दिसली की ते स्वतः ठरवतात. वाजणं चालू, अडवणं बंद.

आईच्या फोनवर स्पॅम म्हणून नोंदलेले आणि १४० चे अडवले जातात, बाकी अनोळखी वाजतात. गॅसची टाकी आणणारे, कुरियरवाले, दवाखाना, सगळे तिलाच फोन करतात. शिवाय ज्या ठिकाणाहून फोन यायचा आहे, तो नंबर आधीच जतन करून ठेवायची सवय तिनं लावून घेतली. प्रयोगशाळेच्या पावतीवरचा नंबर ती तिथंच खिडकीपाशी उभी राहून फोनमध्ये टाकते.

बहिणीनं आयफोनवर `Silence Unknown Callers` चालू ठेवलं आहे. तिला ते परवडतं, कारण मैत्रिणी आणि शिक्षक सगळे जतन आहेत. ज्या नंबरला तुम्ही नुकताच फोन लावला असेल, तो जतन नसला तरी त्याचा परत आलेला कॉल वाजतो. म्हणून पार्सलची वाट असली की ती स्वतःच कुरियरवाल्याला एकदा फोन लावते.

१४० चे सगळे नंबर एकदम बंद करता येतात का? १६०० म्हणजे काय?

काही फोनच्या स्वतःच्या ब्लॉक यादीत आणि बाहेरच्या काही अ‍ॅपमध्ये 'या आकड्यांनी सुरू होणारे' असा पर्याय असतो. तिथं `140` टाकायचं. पडद्यावर हा नंबर कधी `+91140` असाही येतो, म्हणून दोन्ही रूपं टाका, नाहीतर निम्मे सुटतात. १४० वरून फक्त जाहिरात येते, त्यामुळं ही मालिका बंद केल्यानं महत्त्वाचं काही हुकत नाही.

१६०० ही मालिका मात्र बंद करू नका. बँका, विमा कंपन्या यांनी सेवेचे आणि व्यवहाराचे कॉल त्यावरून करावेत यासाठी ती राखून ठेवली आहे. तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला तर बँकेचा फोन तिथून येऊ शकतो. आणि समोरचा म्हणाला 'मी तुमच्या बँकेतून बोलतोय' पण नंबर साधा दहा आकडी आहे, तर फोन ठेवा आणि कार्डामागच्या नंबरवर स्वतः लावा. १६०० वरून आलेल्यालासुद्धा ओटीपी सांगायचा नसतो.

तक्रार केल्यानं खरंच काही होतं?

नोंदणी नसलेल्यांच्या बाबतीत होतं, पण एकट्याच्या तक्रारीनं क्वचित. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रायनं नियम बदलले. आता दहा दिवसांत पाच जणांच्या तक्रारी आल्या की त्या नंबरवर कारवाईची प्रक्रिया सुरू होते. आधी सात दिवसांत दहा लागायच्या. तक्रार करायला कॉल आल्यापासून सात दिवस मिळतात, पूर्वी तीनच होते. नोंदणी नसलेल्याविरुद्ध तक्रार करायला तुमचं डीएनडी असलंच पाहिजे अशीही अट राहिली नाही. पहिल्या वेळी त्या माणसाच्या सगळ्या जोडण्यांचे जाणारे कॉल पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा केलं तर सगळ्या कंपन्यांकडच्या त्याच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडायच्या, असा नियम आहे.

तक्रार १९०९ ला एसएमएसनं करता येते: आधी काय कॉल होता ते थोडक्यात, मग नंबर, मग तारीख.

```
Personal loan offer call, 9XXXXXXXXX, 14/03/26
```

सोपं पडावं म्हणून मी ट्रायचं डीएनडी अ‍ॅप वापरतो. ते कॉलच्या यादीतून नंबर उचलतं. आमच्या अपार्टमेंटमध्ये एकदा एकाच नंबरवरून सहा घरी गृहकर्जाचे फोन आले. तेव्हा मी सगळ्यांच्या दारी जाऊन प्रत्येकाला आपापल्या फोनवरून तक्रार करायला लावली. नुसतं अ‍ॅपमध्ये 'स्पॅम' दाबणं ही तक्रार नव्हे. त्यानं पुढच्या माणसाला इशारा मिळतो, पण दूरसंचार कंपनीला काही कळत नाही. दोन्ही करा.

आम्ही कर्ज घेतलेलंच नाही, तरी दुसऱ्याच्या हप्त्यासाठी धमकावतात. हेही स्पॅमच का?

नाही, हे वेगळं प्रकरण आहे आणि ब्लॉक करून संपत नाही. बहुधा ओळखीच्या कुणी तुमचा नंबर संदर्भ म्हणून दिलेला असतो, किंवा त्याच्या कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधले संपर्क उचललेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेप्रमाणं वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, आणि कर्जदाराच्या घरच्यांच्या, संदर्भ म्हणून दिलेल्या माणसांच्या किंवा मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही. तारीख, वेळ, नंबर, कुठल्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव सांगितलं ते वहीत लिहा. आधी त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडं जा. धमकी, शिवीगाळ, फोटो पसरवण्याची भाषा असेल तर थांबू नका, सरळ पोलिसांकडं जा.

केवायसी बंद होईल, सिम बंद होईल असे फोन येतात. तेही १९०९ ला का?

ते फसवणुकीचे आहेत. `sancharsaathi.gov.in` वर 'चक्षू' नावाची सोय आहे, तिथं नोंदवा. पैसे गेले असतील तर चक्षू नको, आधी लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

पप्पांच्या दुकानाचा नंबरच लोकांना 'स्पॅम' दिसतो. काय करायचं?

आमच्याकडंही झालं. त्यांनी उधारी मागायला एका दिवसात बरेच फोन लावले आणि काहींनी चिडून स्पॅम दाबलं असावं. ज्या अ‍ॅपमध्ये तसं दिसतं, त्या अ‍ॅपमध्ये दुकानाच्या नावानं खातं काढा आणि स्पॅमची खूण काढायची विनंती पाठवा. गूगलच्या फोन अ‍ॅपमध्ये ज्यांना स्पॅम दिसतो त्यांनी स्वतः 'स्पॅम नाही' असं नोंदवावं लागतं. नेहमीच्या पाच-सहा गिऱ्हाइकांना आम्ही तशी विनंती केली, आणि त्यांना नंबर जतन करायला सांगितला. जतन केलेल्या नंबरवरून कॉल आला की आपण ठेवलेलं नावच दिसतं.

हे सगळं केल्यावर तुमच्या घरात किती फरक पडला?

मी सुरुवातीला आठवडाभर वहीत खुणा केल्या होत्या. आईच्या फोनवर त्या आठवड्यात एकतीस कॉल आले होते. त्यातले नऊ १४० चे आणि बाकीचे दहा आकडी नंबरांवरून. संमती मागं घेऊन, डीएनडी करून, अडवणं लावून सहा आठवडे झाले तेव्हा पुन्हा मोजलं. १४० चा एकही वाजला नाही. दहा आकडी आठ आले, त्यातल्या पाचांवर लाल पट्टी होती आणि ते वाजलेच नाहीत, यादीत दिसले. तीन कोरे वाजले, ते आईनं उचलले आणि मी त्याच दिवशी १९०९ ला कळवले. आजीच्या फोनवर अजूनही आठवड्याला एखाद-दुसरा येतो. तिच्यासाठी आम्ही घरच्यांचे नंबर जतन करून प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावली आहे. ती धून नसली की आजी फोन तसाच राहू देते आणि संध्याकाळी मला दाखवते.

दर दोन-तीन महिन्यांनी मी चारही फोनच्या अडवलेल्या यादीवरून नजर फिरवतो. मागच्या खेपेला आईच्या यादीत नळाचं काम करणारे काका सापडले, त्यांना मोकळं केलं.